बढतीच्या शिफारशीचा मेमो: वरिष्ठांना पटेल असा पुरावा कोणता? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जानेवारी संपत आला की मॅनेजर मंडळींकडून हेच प्रश्न येऊ लागतात, कारण एप्रिलपासून बढती लागू व्हायची तर शिफारशी मार्चच्या आत वर जाव्या लागतात. हवेत बोलणं नको म्हणून सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर दिली आहेत. उदाहरण काल्पनिक आहे आणि आकडेही समजण्यापुरतेच. अंधेरी पूर्वेला एका फ्रेट फॉरवर्डिंग कंपनीचं ऑफिस आहे, निर्यातीचा माल न्हावा शेवाहून जातो. तिथल्या एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशन डेस्कवरच्या एका सिनिअर एक्झिक्युटिव्हला डेस्क मॅनेजर करावं, अशी शिफारस तिच्या मॅनेजरला करायची आहे. आज ती स्वतःच्या फाइली बघते. उद्या सात जणांच्या फाइली, त्यांचे कट-ऑफ म्हणजे माल आणि कागद पोचवण्याच्या अंतिम वेळा, ग्राहकांची बोलणी आणि शिपिंग लाइनशी होणारी भांडणं तिच्या गळ्यात येणार आहेत.

तिला सलग तीन वर्षं वरचं रेटिंग आहे. एवढं पुरत नाही का?

नाही पुरत, आणि बहुतेक मेमो इथेच अडकतात. रेटिंग सांगतं की आताच्या खुर्चीत ती उत्तम आहे. वर बसलेल्यांचा प्रश्न पुढच्या खुर्चीबद्दल असतो. या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात, हे अमेरिकेतल्या १३१ कंपन्यांच्या विक्री विभागांवरच्या एका अभ्यासात दिसलं. बेन्सन, ली आणि शू या तिघांचा हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची विक्री जास्त त्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती, पण मॅनेजर झाल्यावर त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी मात्र तुलनेने खालावली. उलट, ज्यांनी इतरांबरोबर मिळून विक्री केली होती, ते मॅनेजर म्हणून सरस ठरले, तरी बढती देताना त्या अनुभवाला फारसं वजन मिळत नव्हतं.

म्हणून मेमो लिहायला बसण्याआधी एक काम करा. पुढच्या पदावरचा माणूस दिवसभर नेमकं काय करतो, ते तीन-चार साध्या वाक्यांत लिहून काढा. एचआरच्या फाइलमधलं पदाचं वर्णन यासाठी कुचकामी असतं, त्यात ‘उत्कृष्ट संवादकौशल्य’ वगैरे असतं. आपल्या डेस्क मॅनेजरचं खरं काम असं: गर्दीच्या दिवशी कोणती फाइल आधी हे ठरवणं, दुसऱ्यांच्या हातून होणाऱ्या चुका कमी करणं, ग्राहकाला किंवा लाइनला वेळेवर नाही म्हणणं, आणि हे सगळं दर वेळी साहेबांना न विचारता करणं. मेमोतला प्रत्येक पुरावा यातल्या एखाद्या खुंटीवर टांगता आला पाहिजे. टांगता येत नसेल तर तो कितीही चमकदार असला तरी काढून टाका.

आकडे द्यावेत असं सगळे सांगतात. कोणते आकडे पटतात?

ज्यांच्या मागे ‘हे तिच्यामुळेच झालं कशावरून?’ या प्रश्नाचं उत्तर आहे, तेच. नीट पाहू.

बिल ऑफ लेडिंग, म्हणजे बीएल, हे शिपिंग लाइन देते ते कागदपत्र. त्यात माल घेणाऱ्याचं नाव, वजन, मालाचं वर्णन चुकलं आणि बीएल निघून गेलं, तर दुरुस्तीसाठी लाइन पैसे घेते. व्यवहार लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे कागद बिनचूक असतील तरच पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर असेल, तर बँक कागद परत पाठवते आणि ग्राहकाचे पैसे अडकतात. आपल्या उमेदवाराने ऑक्टोबरपासून डेस्कवर नवी पद्धत सुरू केली: बीएलचा मसुदा ज्याने बनवला त्याने तपासायचा नाही, शेजारच्याने तपासायचा, तोही मूळ इनव्हॉइस आणि कस्टमला दिलेलं शिपिंग बिल समोर ठेवून. एप्रिल ते सप्टेंबर या काळात १,२४० बीएलपैकी ९३ मध्ये दुरुस्ती करावी लागली, म्हणजे साडेसात टक्के. ऑक्टोबरपासून आतापर्यंत १,३१० पैकी ३९, म्हणजे साधारण तीन टक्के.

बहुतेक मॅनेजर इथे थांबतात आणि ‘चुका ६० टक्क्यांनी घटवल्या’ असं ठळक अक्षरांत लिहितात. बढती ठरवणाऱ्या समितीतला फायनान्सचा माणूस मात्र लगेच विचारतो की याच काळात आणखी काय बदललं. बदललं होतं. एक किचकट ग्राहक, जो बीएल निघाल्यावरही माल घेणाऱ्याचं नाव बदलायला लावायचा, सप्टेंबरअखेर सोडून गेला. पहिल्या सहामाहीत त्याची ११० बीएल होती आणि २० दुरुस्त्या. ती दोन्ही बाजूंनी वजा केली तर आधीचं प्रमाण १,१३० पैकी ७३, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे खरी घट साडेसहावरून तीनवर. थोडी कमी चमकदार, पण अभेद्य. वर आणखी एक आकडा जोडा: शेजारच्या डेस्कवर, जिथे ही पद्धत नव्हती, त्याच काळात प्रमाण ६.८ वरून ६.४ वर आलं, म्हणजे जवळपास जागच्या जागी. आता ‘सगळीकडेच सुधारणा झाली असेल’ ही शंकाही उरत नाही.

ही वजाबाकी मेमोत दाखवायची. तळटीपेत दडवायची नाही. स्वतःचाच आकडा खाली आणणाऱ्या मॅनेजरवर वरिष्ठ पुढच्या पानावरही विश्वास ठेवतात, हा माझा अनुभव आहे.

आणि एक बारीक गोष्ट: या ३९ दुरुस्त्यांपैकी तिच्या स्वतःच्या फाइलींतल्या किती आणि इतरांच्या किती, हेही सांगा. तिच्या स्वतःच्या फाइलींत आधीही दुरुस्त्या जवळजवळ नव्हत्याच. घट इतरांच्या फाइलींत झाली, आणि पदाच्या दृष्टीने मोल त्याचंच आहे.

आमच्या कामात मोजण्यासारखं काही नसतं. मग?

मग निर्णय दाखवा. खरं तर आकडे असले तरी एक निर्णय दाखवाच, कारण आकड्यांतून शिस्त दिसते, तारतम्य दिसत नाही.

एकच प्रसंग घ्या आणि तो जवळून सांगा. समजा शुक्रवारची संध्याकाळ आहे. एका ग्राहकाचे तीन कंटेनर न्हावा शेवाला त्याच रात्रीच्या गेट कट-ऑफच्या आत पोचायचे आहेत. साडेपाचला तिच्या लक्षात येतं की तिसऱ्या कंटेनरचं व्हीजीएम, म्हणजे मालासह कंटेनरचं प्रमाणित वजन, पॅकिंग लिस्टशी जुळत नाही. फरक जवळजवळ दोन टनांचा. जुलै २०१६ पासून हे वजन कळवल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढवता येत नाही, आणि ‘आत्ता आधीचंच पाठवू, नंतर बघू’ हा मोह अशा वेळी सगळ्यांना होतो. मॅनेजर विमानात. तिने दोन कंटेनर पुढे सोडले, तिसरा थांबवून पुन्हा वजन करायला लावलं, ग्राहकाला फोन करून तिसरा पुढच्या जहाजाने जाईल असं सांगितलं आणि लागलीच तसं ईमेलही केलं. ग्राहक चिडला. पुन्हा केलेल्या वजनात फॅक्टरीने एक पॅलेट जास्त भरल्याचं निघालं.

मेमोत या प्रसंगाचे चार भाग यायला हवेत: त्या क्षणी तिला काय माहीत होतं, तिच्यापुढे कोणते पर्याय होते, तिने कोणता घेतला आणि का, आणि त्याची किंमत काय पडली. किंमत गाळू नका. एक कंटेनर एका जहाजाने मागे राहिला, काही दिवस उशीर झाला, हे लिहा. निर्णय चांगला होता की नाही हे त्या वेळी हातात असलेल्या माहितीवरून ठरतं. शेवट गोड झाला म्हणून नव्हे. समजा पॅलेट निघालं नसतं आणि काट्याचीच चूक निघाली असती, तरी तिचा निर्णय बरोबरच होता, असं तुम्हाला म्हणता आलं पाहिजे. म्हणता येत नसेल तर प्रसंग चुकीचा निवडलाय.

साडेपाचचा तो ईमेल जोडपत्रात लावा, ग्राहकाचं नाव झाकून.

मी रजेवर असताना तिने डेस्क सांभाळला. हा पुरावा धरतात का?

धरतात, पण बहुतेक मेमोत तो एका ओळीत वाया घालवलेला असतो: ‘माझ्या अनुपस्थितीत जबाबदारी समर्थपणे पार पाडली.’ यातून काहीच कळत नाही.

समजा तुम्ही गणपतीला दहा दिवस गावी गेलात. वरिष्ठांच्या मनात येणारे प्रश्न असे असतात. त्या दहा दिवसांत काम होतं की नव्हतं? अर्धं ऑफिस कोकणात आणि फॅक्टऱ्याही मंद असतील, तर डेस्क कुणीही सांभाळला असता. मग तुम्हाला फोन किती आले? मोबाइल काढून मोजा. दिवसाला आठ फोन येत असतील तर डेस्क तुम्हीच चालवत होता, फक्त गावाहून. आलेले फोन कशाबद्दल होते, हेही बघा. नियमाबाहेरची सूट देण्याचा अधिकारच तिच्याकडे नव्हता म्हणून फोन केला असेल, तर ते योग्यच. पण कोणाची फाइल आधी, असं विचारायला फोन आला असेल, तर ती खुंटी अजून रिकामी आहे. आणि शेवटचं: परत आल्यावर तिने घेतलेले किती निर्णय तुम्ही फिरवलेत?

या उत्तरांवरून बनलेला परिच्छेद असा होतो: ‘दहा दिवसांत डेस्कवरून १४२ फाइली गेल्या, त्याआधीच्या दहा दिवसांइतक्याच. मला तीन फोन आले, तिन्ही सवलतीच्या मंजुरीसाठी, जी तिच्या अधिकारात येत नाही. एका दिवशी पावसाने लोकल बंद पडल्या आणि कल्याणकडचे तिघं पोचू शकले नाहीत. तिने सकाळी साडेआठलाच त्या दिवशीच्या कट-ऑफच्या नऊ फाइली उरलेल्या चौघांत वाटून दिल्या आणि बाकीच्या दुसऱ्या दिवसावर ढकलल्या. एकही कट-ऑफ चुकला नाही. परत आल्यावर मी तिचा एक निर्णय बदलला.’ शेवटचं वाक्य राहू द्या. एकही निर्णय बदलला नाही असं लिहिलंत तर वाचणारा म्हणेल, यांनी बघितलंच नसणार.

कुणाकुणाचे अभिप्राय जोडावेत?

ज्यांना तिची स्तुती करण्याची गरज नाही त्यांचे. तिच्या हाताखालच्या मुलाचा अभिप्राय गोड असणार, तुमच्या दोस्त मॅनेजरचाही. खरं वजन असतं ते तिच्याशी ज्यांचे हितसंबंध टकरावतात त्यांच्या शब्दाला: सेल्सवाले, ज्यांना ती कधीकधी नाही म्हणते, कस्टम ब्रोकर, ज्याला ती अपुरे कागद परत पाठवते, आणि शक्य असेल तर आत्ताच त्या पदावर असलेला दुसऱ्या डेस्कचा मॅनेजर. दोन-तीन पुरेत.

प्रश्न विचारण्याची पद्धत मात्र सुधारा. ‘ती कशी वाटते?’ विचारलंत की ‘खूप मेहनती, मनमिळाऊ’ हेच येणार. त्याऐवजी विचारा: ‘अशी एखादी वेळ आठवते का, जेव्हा तुम्ही माझ्याकडे येण्याऐवजी थेट तिच्याकडे गेलात? का गेलात?’ सेल्सच्या माणसाने ‘कारण ती नाही म्हणाली तर मला कळतं की खरंच होणार नाही’ असं सांगितलं, तर तो एक उद्गार पानभर स्तुतीला भारी पडतो. तो जसाच्या तसा घाला आणि कुणी, कोणत्या प्रसंगाबद्दल म्हटलं तेही द्या. अर्थात त्यांची परवानगी घेऊनच.

तिच्या उणिवा लिहायच्या का? शिफारस कमकुवत नाही होणार?

लिहायच्या. समितीत कुणीतरी तिच्यासोबत काम केलेलं असतंच, आणि मेमोत नसलेली उणीव त्याच्या तोंडून बाहेर पडली की उरलेला मेमोही संशयास्पद वाटतो.

पण उणीव म्हणजे ‘कधीकधी जास्तच काम करते’ असली लाडिक नव्हे. आपल्या उदाहरणात खरी उणीव ही आहे: चुकणाऱ्या कनिष्ठाला स्पष्ट सांगण्याऐवजी ती त्याची फाइल स्वतःच नीट करून टाकते. मॅनेजरसाठी ही गंभीर गोष्ट आहे. ती तशीच लिहा आणि पुढे काय घडलं तेही. नोव्हेंबरमध्ये तिला हे सांगितलं. त्यानंतर एका मुलाच्या सलग तीन मसुद्यांत तीच चूक आली तेव्हा तिने त्याला शेजारी बसवून चौथा त्याच्याकडूनच करून घेतला. अजून दर वेळी जमतं असं नाही. बढतीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत यावर महिन्यातून एकदा बसणार, असंही लिहा.

एक फरक इथे ओळखावा लागतो. जी उणीव पदावर बसून शिकता येते, ती मेमोत चालते. जी पदाच्या गाभ्यालाच लागते, तिच्यासकट शिफारस करू नये. व्हीजीएमच्या प्रसंगात तिने जुनंच वजन पाठवलं असतं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून मी हा मेमो वर पाठवला नसता.

‘बढती दिली नाही तर ती सोडून जाईल’ हे लिहावं का?

लिहायचंच असेल तर अगदी शेवटी, स्वतंत्र ओळीत आणि ‘तयारी’च्या पुराव्यापासून लांब. ती जाईल ही कंपनीची अडचण आहे, तिची तयारी नव्हे. दोन्ही एकत्र आले की वाचणाऱ्याला वाटतं की पुरावा कमी पडला म्हणून धमकी आली. बाजारातलं पॅकेज, दुसऱ्या कंपनीची ऑफर, हे पगाराच्या चर्चेचे मुद्दे आहेत. तिथे जरूर मांडा.

नोकरीची वर्षं, डिप्लोमा, रात्री उशिरापर्यंत थांबणं यांचंही तेच. निष्ठा कळते, तयारी कळत नाही.

मध्ये ती बाळंतपणाच्या रजेवर होती. मेमोत ते कसं दाखवायचं?

उणीव म्हणून अजिबात नाही. २६ आठवड्यांची रजा असेल तर वर्षाचा आकडा अर्ध्या वर्षाचा असणार हे उघड आहे. म्हणून एकूण संख्या देऊ नका, प्रमाण द्या. वर बीएलच्या उदाहरणात शेकडा दुरुस्त्या दिल्या, नुसत्या दुरुस्त्या नाहीत, त्यामागे हेही एक कारण आहे. पुराव्याचा काळ रजेच्या आधीचा असला तर तसं एका ओळीत सांगा आणि पुढे जा.

जाता जाता: बाईच्या मेमोत ‘सगळ्यांना सांभाळून घेणारी’ आणि पुरुषाच्या मेमोत ‘टीमचं नेतृत्व करणारा’ असं आपल्या हातून सहज लिहिलं जातं. काम तेच असतं. मेमो पूर्ण झाला की विशेषणांखाली एकदा पेन्सिल फिरवा.

मेमो किती मोठा असावा?

दीड पान. जोडपत्रं वेगळी. समितीपुढे एका दुपारी बरेच मेमो असतात आणि अनेकजण फक्त पहिला परिच्छेद नीट वाचतात, म्हणून शिफारस आणि सर्वांत भक्कम पुरावा तिथेच हवा. ‘सदर कर्मचारी गेली सहा वर्षे आपल्या संस्थेत कार्यरत असून अत्यंत प्रामाणिक, कष्टाळू व जबाबदार आहे’ अशी सुरुवात केलीत तर वाचणाऱ्याची नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते.

त्याऐवजी: ‘एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशन डेस्कच्या मॅनेजरपदासाठी मी यांची शिफारस करतो. गेले सहा महिने त्या या पदाचं निम्मं काम करत आहेत. त्यांनी सुरू केलेल्या तपासणीमुळे इतर सहकाऱ्यांच्या बीएलमधल्या दुरुस्त्या निम्म्याहून खाली आल्या, शेजारच्या डेस्कवर त्या तशाच राहिल्या. कनिष्ठांना चूक स्पष्ट सांगणं अजून त्यांना जड जातं, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.’ चार वाक्यं, आणि उणीवसुद्धा त्यातच.

मेमो चांगला असूनही समिती थांबवते, ते का?

बऱ्याचदा कारण माणसात नसतं, जागेत असतं. डेस्क मॅनेजरचं पद मंजूरच नसेल किंवा त्या खर्चाची तरतूद नसेल, तर पुरावा कितीही असो, फाइल पुढे सरकत नाही. मेमो पाठवण्याआधी एचआर आणि फायनान्सकडे हे विचारून घ्या.

दुसरं कारण तुलना. समिती तुमच्या उमेदवाराला इतर डेस्कच्या उमेदवारांशेजारी ठेवून बघते, आणि प्रत्येक मॅनेजरची मोजपट्टी निराळी असते. म्हणून शक्य तिथे सगळ्यांना ओळखीच्या असलेल्या मोजमापात लिहा, तुमच्याच डेस्कवर शोधलेल्या मोजमापात नको. आणखी एक प्रश्न हमखास येतो: ‘सहा महिने थांबलो तर काय बिघडेल?’ उत्तर आधीच तयार ठेवा. प्रामाणिक उत्तर ‘फारसं काही नाही’ असेल, तर ते तुम्हाला आधीच कळलेलं बरं.

माझा उमेदवार तयार आहे असं मला वाटतं, पण दाखवायला काहीच नाही. काय करू?

या वर्षी मेमो पाठवू नका. एकदा नाकारलेलं नाव पुढच्या वर्षी पुन्हा आलं की ‘हे मागच्या वेळचंच ना?’ इथून सुरुवात होते.

त्याऐवजी पुढच्या पदाचं एक खरं काम त्याच्या हाती द्या, अर्धवट नाही. निदान चार-सहा महिने. उदाहरणार्थ, डेस्कवरच्या दोन मोठ्या ग्राहकांच्या सगळ्या फाइलींचा प्राधान्यक्रम तो ठरवेल, आणि त्या ग्राहकांनी तुम्हाला फोन केला तरी तुम्ही त्याच्याकडेच वळवाल. सुरुवातीचे आकडे त्याच दिवशी लिहून ठेवा, नंतर ते जुळवत बसणं अशक्य होतं. मग दर शुक्रवारी एका वहीत दोन ओळी: या आठवड्यात त्याने कोणता निर्णय घेतला आणि त्याचं काय झालं. चुकलेलेही. ऑक्टोबरमध्ये सुरू केलंत तर मार्चपर्यंत मेमो निम्मा लिहून झालेला असेल. आणि त्या वहीतून तो तयार नाही असं दिसलं, तर तेही त्याला अप्रेझलच्या फार आधी, समोर बसवून, प्रसंगासह सांगता येईल.